टॉवर समोर दिसतो, फोन लागत नाही

माझ्या डेस्कशेजारच्या खिडकीतून मोबाइलचा टॉवर दिसतो. हिंजवडीतली काचेची इमारत, सातवा मजला. समोर रस्ता, त्यापलीकडे एका जुन्या बिल्डिंगची गच्ची आणि त्या गच्चीवर पांढरे उभे अँटेना. अंतर फार तर दोनशे मीटर. आणि माझ्या हातातल्या फोनवर एक काडी. तीही येऊन-जाऊन.

दोन वर्षं मी यावर तेच केलं जे सगळे करतात. कंपनीला शिव्या दिल्या, सिम पोर्ट केलं, नव्या कंपनीलाही शिव्या दिल्या. मग वायफाय कॉलिंग चालू केलं आणि विषय विसरून गेलो.

तो पुन्हा आठवला आमच्या दुसऱ्या बेसमेंटमधल्या काकांमुळे. ते बी-टूमध्ये गाड्या लावून घेतात. बारा तासांची ड्यूटी. मागच्या वर्षी त्यांची मुलगी लातूरला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बी-टूमध्ये फोनला काहीच मिळत नाही, म्हणून ते दर तासाला रॅम्प चढून वर यायचे, मिस्ड कॉल बघायचे आणि परत खाली जायचे. सुपरवायझरने ‘जागा सोडली’ असा शेरा मारला आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला. काका मला एवढंच म्हणाले, “दादा, तुमचा फोन वर कसा काय लागतो? टॉवर तर एकच हाय की.”

माझी डिग्री ई अँड टीसीची आहे. अँटेनाचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालोय. नोकरी मात्र जावास्क्रिप्टची, त्यामुळे तो पेपर त्यानंतर कधी कामी आला नव्हता. काकांना धड उत्तर देता आलं नाही याची लाज वाटली आणि एका शनिवारी मी फोन घेऊन आख्खी इमारत पालथी घातली. त्यातून जे कळलं ते सांगतो, आणि कोणावर का चिडायला हवं तेही सांगतो. कारण आपण सगळे चुकीच्या माणसावर चिडतोय.

आधी मोजायचं कसं ते. फोनवरच्या काड्या विसरा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. दोन वेगवेगळ्या फोनांच्या तीन काड्या म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. खरा आकडा फोनच्या पोटात असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात सिम स्टेटस उघडा, तिथे बहुतेक फोन सिग्नल स्ट्रेंग्थ दाखवतात. काही फोनांवर हा कोड डायल केला की टेस्टिंगचा मेनू उघडतो:

```
*#*#4636#*#*
```

आयफोनवर हा:

```
*3001#12345#*
```

तिथे `RSRP` किंवा नुसता `dBm` असा आकडा दिसेल. तो नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीसाठी ढोबळ हिशेब असा: उणे ८० म्हणजे मस्त, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० म्हणजे कॉल अडखळणार, आणि उणे १२० म्हणजे फोन नावापुरता.

या आकड्याची एकच गोष्ट लक्षात ठेवायची. तो साध्या वजाबाकीसारखा दिसतो, पण आत गुणाकार आहे. १० डेसिबल कमी झाले की सिग्नलचा दहावा भाग उरतो. २० कमी झाले की शंभरावा. ३० कमी झाले की हजारावा. म्हणजे उणे ८० वरून उणे ११० वर येणं म्हणजे ‘थोडा वीक झाला’ नाही. हजार रुपयांतला एक रुपया हातात उरला.

आता माझे आकडे. फोन फोर-जीवर लॉक केला, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस सेकंद थांबलो, आणि फोन त्याच बँडवर आहे ना हे बघत राहिलो. नाहीतर फोन गुपचूप दुसऱ्या बँडवर उडी मारतो आणि तुलना फसते. गेटबाहेर उणे ७८. सातव्या मजल्यावर, माझ्याच खिडकीशी, काच बंद असताना उणे १०५. त्याच मजल्याच्या मधोमध उणे ११६.

मग मी एक वेगळी गोष्ट केली. आमच्या मजल्यावर धूर बाहेर काढायला एक उघडणारी खिडकी आहे, एरवी कुलूपबंद. फॅसिलिटीवाल्या मित्राला पटवून ती उघडली. त्याच जागी, त्याच उंचीवर फोन धरला. आकडा आला उणे ८१. खिडकी लावली. पुन्हा उणे १०५. तीन वेळा उघड-झाक केली, दर वेळी एक-दोनच्या फरकाने तेच.

फरक २४ डेसिबलचा. म्हणजे अडीचशे भागांतला एक भाग आत आला आणि बाकी सगळा त्या काचेने बाहेरच्या बाहेर परत पाठवला. टॉवर आपलं काम नीट करत होता. सिग्नल माझ्या खिडकीपर्यंत अगदी व्यवस्थित येत होता आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये मरत होता.

ही काच साधी नसते. तिच्या आतल्या पृष्ठभागावर धातूचा, बहुतेक वेळा चांदीचा, अतिशय पातळ थर चढवलेला असतो. साधारण दहा नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट पातळ. त्यातून डोळ्यांना दिसणारा उजेड आत येतो, पण उष्णतेचे अवरक्त किरण परत फिरतात. म्हणून एसीचं बिल कमी येतं. त्या धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन उष्णतेच्या लहरींना जसे परतवतात, तसेच मोबाइलच्या रेडिओ लहरींनाही परतवतात. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. थराला काय माहीत की यातली कुठली लहर ऊन आहे आणि कुठली तुमच्या आईचा फोन.

मोबाइलची मानकं ठरवणारी थ्रीजीपीपी नावाची जागतिक संस्था आहे. नेटवर्कचे आराखडे करताना भिंती आणि काचा किती सिग्नल खातात याचे सोपे सूत्र तिने दिले आहेत. `f` म्हणजे गिगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर डेसिबलमध्ये:

```
साधी काच        = 2 + 0.2 f
काँक्रीट         = 5 + 4 f
धातूलेपित काच    = 23 + 0.3 f
```

आपल्याकडे फोर-जीचा एक मोठा बँड १८०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे `f` १.८ धरा. साधी काच जेमतेम अडीच डेसिबल खाते, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल आत येतो. काँक्रीट १२ खातं. धातूलेपित काच साडेतेवीस. माझ्या खिडकीचा आकडा या साडेतेवीसच्या इतका जवळ आला त्यात योगायोगही आहे, कारण सूत्र सरासरी सांगतं आणि प्रत्येक काच वेगळी. पण मुद्दा बघा. ही काच काँक्रीटच्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल अडवते. तुम्हाला वाटतं, एवढी मोठी खिडकी आहे, इथे तरी रेंज येईल, म्हणून तुम्ही खिडकीशी जाता. खिडकी भिंतीपेक्षा वाईट आहे.

आता सूत्राकडे अजून एकदा बघा. काँक्रीटच्या ओळीत `f` ला ४ ने गुणलंय. म्हणून फ्रिक्वेन्सी कमी केली की काँक्रीट नरम पडतं. ९०० मेगाहर्ट्झला ते साडेआठच डेसिबल खातं. ‘लो बँडवाल्या कंपनीचं सिम घ्या, भिंतीतून येतं’ हा सल्ला त्यातूनच येतो, आणि जुन्या विटा-सिमेंटच्या घरासाठी तो बरोबर आहे. काचेच्या ओळीत मात्र `f` ला फक्त ०.३ ने गुणलंय. ९०० ला २३, फाइव्ह-जीच्या ३५०० ला २४. म्हणजे काचेला बँडशी जवळपास देणं-घेणं नाही. सगळ्या कंपन्यांना, सगळ्या बँडना ती सारखंच परत पाठवते. सिम पोर्ट करून मला काडीचा उपयोग का झाला नाही, ते तेव्हा कळलं.

सगळी रंगीत काच अशी नसते. नुसता रंग मिसळलेली काच सिग्नलला फारशी अडवत नाही. दुहेरी काच असेल तर ओळखायची युक्ती सोपी आहे. रात्री काचेसमोर लायटर किंवा छोटा बल्ब धरा. काचेत चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं असेल, तर त्या पृष्ठभागावर थर आहे.

मग मी लिफ्टकडे आणि बेसमेंटकडे वळलो. तिथली गोष्ट वेगळी आहे.

लिफ्ट म्हणजे चारी बाजूंनी स्टीलचा डबा. बंद धातूच्या डब्यात बाहेरच्या रेडिओ लहरी शिरत नाहीत, हे बारावीत ‘फॅराडे पिंजरा’ म्हणून घोकलेलं असतं. जे थोडं झिरपतं ते दाराच्या फटीतून. पण नुसता डबाच दोषी नाही. लिफ्टचा बोगदा बहुतेक वेळा इमारतीच्या पोटात, जाड काँक्रीटच्या भिंतींत असतो. म्हणजे आधी काच, मग मजला, मग काँक्रीट, मग स्टील. दार उघडं असताना लॉबीत उणे ११२ होते. दार मिटलं आणि दोन सेकंदांत आकडाच गेला. चालू कॉल काही सेकंद तग धरतो, फोन जोर लावून टॉवर शोधतो, मग कट. तुम्ही लिफ्टमध्ये शिरताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणत उरलेला वेळ घालवता.

बेसमेंटमध्ये काचेचा संबंधच नाही. तिथे वर स्लॅब, बाजूला माती. सिग्नल येतो तो फक्त रॅम्पच्या तोंडातून, ऊन येतं तसा. बी-वनला रॅम्पशी उणे ८८ होते, वीस पावलं आत उणे ११२. बी-टूला, काकांच्या खुर्चीशी, काही नाही. काका दर तासाला जिथपर्यंत चढून यायचे तिथे मी आकडा बघितला. उणे ९७. कुठलंही यंत्र न घेता माणसाने बरोबर जागा शोधली होती.

आता उपाय. आधी न चालणारे.

फोनच्या मागे चिकटवायचं सोनेरी स्टिकर ही फसवणूक आहे. ऑनलाइन तीन-चार हजारांना मिळणारा ‘सिग्नल बूस्टर’ त्याहून वाईट, कारण तो थोडा चालतो. परवान्याशिवाय असा रिपीटर विकणं आणि लावणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि त्याला कारण आहे. त्याचा आतला अँटेना जे फेकतो ते बाहेरचा अँटेना परत पकडतो, आणि माइक स्पीकरसमोर नेल्यावर जशी शिट्टी वाजते तशी शिट्टी टॉवरच्या कानात वाजते. तुमचे दोन बार वाढतात, आजूबाजूच्या शेकडो लोकांचे कॉल तुटतात.

चालणारा उपाय म्हणजे वायफाय कॉलिंग. फोन टॉवर सोडून वायफायमधून तुमच्या मोबाइल कंपनीपर्यंत एक बंदिस्त बोगदा काढतो आणि कॉल त्यातून जातो. नंबर तोच, वेगळं ॲप नको. सिम सेटिंग्जमध्ये ते चालू करा, आणि ‘प्रेफरन्स’ असा पर्याय असेल तर वायफायला आधी ठेवा. हे महत्त्वाचं. नाहीतर फोन मरतुकड्या उणे ११८ ला लोंबकळत राहतो आणि वायफायकडे वळतच नाही. खात्री करायला विमान मोड चालू करा, मग फक्त वायफाय चालू करा आणि कॉल लावा. लागला तर झालं. मग त्याच अवस्थेत दुसऱ्या फोनवरून स्वतःला साधा एसएमएस पाठवून बघा. काही फोन आणि कंपन्यांच्या जोडीत कॉल येतो पण एसएमएस अडकतो, आणि बँकेचा ओटीपी एसएमएसच असतो. हे बिल भरायच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

ऑफिसच्या वायफायवर चालत नसेल तर बहुधा फायरवॉल अडवतोय. हा बोगदा दोन पोर्टवरून जातो. आयटीवाल्यांना एवढंच लिहा:

```
UDP 500 आणि UDP 4500 बाहेर जाऊ द्या
```

मी हे तिकीट टाकलं आणि एका दिवसात आमच्या मजल्यावर बहुतेकांचे फोन लागायला लागले. दोन वर्षं आम्ही टॉवरला शिव्या देत होतो.

लिफ्टसाठी वैयक्तिक उपाय नाही. शिरण्याआधी फोन ठेवा, यूपीआयचं पेमेंट आत शिरता शिरता करू नका, बस. अडकलात तर फोनच्या भरवशावर राहू नका. लिफ्टमधला अलार्म आणि इंटरकॉम तारेवर चालतो, त्याला सिग्नल लागत नाही. तुमच्या सोसायटीत तो खरंच वाजतो का आणि पलीकडे कोणी उचलतं का, हे महिन्यातून एकदा दाबून बघा. फोनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल तर ११२ लावा. त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा नाही, पण दुसऱ्या कोणाचा तरी सिग्नल पोचतोय आणि ११२ त्यावरून जाऊ शकतो. पण ‘नो सर्व्हिस’ असेल तर तोही नाही.

इथपर्यंत लेख संपवता आला असता. सेटिंग बदला, खूश राहा. पण मी हे सगळं काकांना समजावायला खाली गेलो आणि माझं शहाणपण तिथे संपलं.

बी-टूमध्ये वायफाय नव्हतंच. बी-वनला गेस्ट वायफाय होतं, त्याची एक पुसट रेघ खाली यायची. काकांचा फोन त्याला जोडला. लॉगिनचं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. ओटीपी एसएमएसने येणार. एसएमएसला सिग्नल लागणार. सिग्नल नाही म्हणून तर वायफाय हवं होतं. मी ते पान हातात धरून उभा होतो आणि काका मलाच धीर देत होते, “असू द्या दादा, रॅम्प हाय ना.”

वायफाय कॉलिंगचं हे असं आहे. ज्याच्या गळ्यात कंपनीचं कार्ड आहे त्याला वायफायचा पासवर्ड आहे. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या मावशी, तळघरात गाडीत वाट बघत बसलेला ड्रायव्हर, लिफ्टमधून जेवण घेऊन चढणारा डिलिव्हरीवाला, यांना फक्त स्वतःचं सिम आहे. त्यातल्या काहींकडे बटणांचा साधा फोन आहे आणि बहुतेक तसल्या फोनांत वायफाय कॉलिंग नसतंच. डिलिव्हरीवाल्याचं तर ॲप बंद पडलं की ‘पोचलो’ दाबता येत नाही आणि उशीर त्याच्या नावावर चढतो. इमारत सिग्नल खाते, दंड माणसाला होतो. आम्ही वरच्यांनी आमच्यापुरती पळवाट काढली की तक्रार करणारा आवाजच संपतो, आणि बिल्डरला कोणी विचारत नाही.

विचारायला हवं ते बिल्डरलाच. सिग्नल खाणारी काच त्याने निवडली. मी ती काच काढा म्हणत नाही. हिंजवडीच्या उन्हात साध्या काचेच्या इमारतीला एसीने गार करायचं म्हणजे वीज जाळायची, आणि ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ पासून मोठ्या व्यावसायिक इमारतींच्या काचेतून किती उष्णता आत यावी यावर मर्यादा घालते, ते योग्यच आहे. माझा आक्षेप एवढाच की नकाशावर काचेतून किती ऊन येईल याचा आकडा असतो आणि किती सिग्नल येईल याचा नसतो. एक वाट बंद करता, तर दुसरी वाट उघडायची जबाबदारी तुमची.

ती वाट काही गूढ नाही. मॉलमध्ये, विमानतळावर छताला बशीएवढे पांढरे अँटेना असतात, ते बघा. गच्चीवर किंवा तळमजल्याच्या खोलीत मोबाइल कंपन्यांची यंत्रं बसवायची आणि तिथून केबलने प्रत्येक मजल्यावर, बेसमेंटमध्ये असे छोटे अँटेना न्यायचे. लिफ्टच्या बोगद्यात आणि भुयारात एक खास केबल सोडतात, जिच्या धातूच्या आवरणाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. ती पूर्ण लांबीभर थोडा थोडा सिग्नल गळू देते, ठिबक सिंचनाच्या नळीसारखी. काचेवरही इलाज आहे. थरात लेझरने अतिशय बारीक रेघा कोरल्या की उष्णता अडते आणि सिग्नल सुटतो. युरोपात काही रेल्वेगाड्यांच्या खिडक्यांना असं केलेलं आहे.

या सगळ्याची खरी अडचण वेळ आहे. इमारत उभी राहताना केबलसाठी नळ्या आणि एक खोली सोडली तर ते आगीच्या पाइपांसारखं आणखी एक काम. लोक राहायला आल्यावर तेच करायचं तर फॉल्स सीलिंग फोडा, स्लॅबला भोकं पाडा, पैसे कोण देणार यावर सहा महिने मीटिंगा घ्या. मग होतच नाही.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारे देण्याचे नियम काढले. आतल्या सिग्नलची तपासणी होणार, त्यावरून रेटिंग मिळणार. पण ते ऐच्छिक आहे. इमारतवाल्याने स्वतःहून अर्ज करायचा. आता सांगा, ज्याच्या बी-टूमध्ये सिग्नल शून्य आहे तो अर्ज कशाला करेल? आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र ऐच्छिक ठेवलं असतं तर किती जणांनी घेतलं असतं? भोगवटा प्रमाणपत्र देताना बेसमेंट, लिफ्ट आणि मजल्याचा मध्य इथले आकडे मागा. फोनने मोजता येतात, मी एका शनिवारी मोजले.

आणि थोडं आपल्याबद्दलही. मी राहतो त्या सोसायटीत गच्चीवर अँटेना बसवायचा प्रस्ताव आला तेव्हा ‘रेडिएशन’ म्हणून तो हाणून पाडला गेला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, कारण मीटिंग लवकर संपवायची होती. भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. आणि टॉवर लांब असला की तुमचा फोन काय करतो? स्वतःचा आवाज वाढवतो. सिग्नल चांगला असेल तर तो कुजबुजतो, वाईट असेल तर पूर्ण ताकदीने, सुमारे ०.२ वॅटने ओरडतो, तेही तुमच्या कानाला चिकटून. बॅटरी दुपारी तीनला संपते ती याचमुळे. टॉवर नको आणि रेंज हवी, या मागणीत आपण डोक्याजवळचाच ट्रान्समीटर मोठा करून घेतो.

आमच्या इमारतीत पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी आकड्यांचा एक कागद केला, ठिकाण आणि आकडा, बाकी काही नाही, आणि फॅसिलिटी मॅनेजरला दिला. ‘रेंज येत नाही’ या तक्रारीला ते दोन वर्षं ‘टॉवरवाल्यांना सांगितलंय’ असं उत्तर देत होते. उघडी खिडकी ८१, बंद खिडकी १०५, याला तसं उत्तर देता आलं नाही. बी-टूच्या केबिनशी एक ॲक्सेस पॉइंट लागला. ओटीपीचं पान काढून कर्मचाऱ्यांसाठी साधा पासवर्ड ठेवला, तो केबिनच्या भिंतीवर चिकटवला. काकांचा फोन अँड्रॉइड होता, सेटिंग मी चालू करून दिली. त्यांनी पहिला फोन लातूरला लावला आणि नातीचा आवाज स्पीकरवर टाकला.

त्यांच्या जोडीदाराकडे बटणांचा फोन आहे. तो अजून रॅम्प चढतो. लिफ्टमध्ये अजून काही नाही. कापलेला अर्धा दिवस कोणी परत दिला नाही.

म्हणून एक काम करा. पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल, भाड्याने किंवा विकत, किंवा नव्या ऑफिसचा दौरा असेल, तेव्हा सँपल फ्लॅटच्या सोफ्यावर बसून घेण्याआधी सर्वात खालच्या बेसमेंटमध्ये जा. फोन काढा, आकडा बघा, तिथे जो माणूस ड्यूटीवर असेल त्याला विचारा की घरून फोन आला तर कुठे जाऊन घेता. मग वर या आणि तो आकडा सेल्सवाल्यासमोर ठेवा. शॉवरखाली पाणी येतं का हे आपण नळ सोडून बघतोच की.